दुसरा जंतू

मी मुळातच संशयी. बायको म्हणते, हा माणूस देवळात गेला तरी एक डोळा चपलांवर ठेवूनच हात जोडतो. पण मंचरात दवाखाना चालवायचा तर दुसरं काय होणार? पेशंट काय काय टोचून, गिळून आलेला असतो, आणि विचारलं की एकच उत्तर, "काय न्हाई घेतलं."

महाळुंगे पडवळच्या मावशी हुडहुडी भरून आल्या तेव्हाही हेच. ताप, बीपी खाली, किडनीचे आकडे वाढलेले. मुतखड्यासाठी पुण्यात कधीतरी आत नळी बसवली होती, ती काढायची राहूनच गेलेली. मावशींची लेक बाळंतपणाला घरी आली होती, दिवस भरत आले होते.

"डॉक्टर, बाळाला न्हाऊ घालायला मी घरी पायजे," मावशी म्हणाल्या. "बाकी काय करायचं ते करा."

त्यांच्या मुलाला विचारलं, इंजेक्शन कुणी दिलं?

"कुनीच न्हाई."

"मग कमरेवर हे काय, डास चावले?"

तो खाली बघायला लागला. गायीची कास सुजली होती, त्याचं इंजेक्शन उरलं होतं. गायीला तोच टोचायचा, आईलाही टोचलं. "औषध तेच असतंय ना सायेब? आईला बरं वाटलं व्हतं की!"

औषध तेच होतं, सेफट्रायाक्सोन नावाचं अँटिबायोटिक, आणि घोळ तिथंच होता. त्यानं साधे जंतू मेले; त्याला न जुमानणारे मागे राहिले आणि त्यांना रान मोकळं मिळालं. मी त्याला नाही नाही ते बोललो.

लघवी आणि रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, नारायणगावच्या लॅबला पाठवलं; रिपोर्ट येईपर्यंत थांबलो नाही, मेरोपेनेम हे त्याहून जबर अँटिबायोटिक सुरू केलं. लघवीच्या रिपोर्टात ई. कोलाय हा जंतू आला, ईएसबीएलवाला. ईएसबीएल म्हणजे जंतूनं स्वतः बनवलेलं एन्झाइम, सेफट्रायाक्सोनला आणि त्याच्या भाऊबंदांना कापून निकामी करणारं. मेरोपेनेम त्याला कापता येत नाही. म्हणजे आमचं औषध बरोबर होतं, आणि तरी ताप हटेना. बीपी पुन्हा घसरलं.

मग मला कुणाचाच भरवसा वाटेना. सिस्टर डोस वेळेवर देतात का? मी घड्याळ घेऊन उभा राहिलो. मेडिकलवाल्यानं कसला माल दिला? बाटल्यांवरचं लेबल उजेडात धरून वाचलं. मुलगा म्हणाला, "डुप्लिकेट असंल, सायेब," पण बघत होता माझ्याकडे. त्याच्या मते डुप्लिकेट मी होतो!

तेवढ्यात लॅबमधल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. मावशींच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा वेगळाच जंतू वाढला होता, आणि त्यावर मेरोपेनेम चालत नव्हतं. मी गाडी काढून थेट लॅब गाठली.

लघवीतले जंतू जिच्यावर वाढवले होते ती जुनी प्लेटही बाईंनी पुढे ठेवली. ई. कोलायच्या गर्दीत कोपऱ्याला चारदोन बुळबुळीत ठिपके, तोच क्लेबसिएला. रिपोर्ट गर्दीवाल्याचा गेला होता.

"बाई, आणि हे आत्ता सांगताय?"

"आत्ता दिसलं, आत्ता सांगतेय. ओरडू नका, चहा घ्या."

चहा कसला घेतो! तिकडे मावशी जातात की राहतात, आणि इकडे बाई बशी पुढे करतायत.

या दुसऱ्या जंतूकडे एनडीएम नावाचं एन्झाइम निघालं. जस्ताच्या जोरावर चालणारं, मेरोपेनेमही कापणारं. कोलिस्टिन देता आलं असतं, पण ते किडनीला जड, आणि मावशींच्या किडन्या आधीच रडत होत्या. अझट्रिओनाम हे औषध एनडीएमला कापता येत नाही, मात्र त्याच जंतूकडे ईएसबीएलही होतं, ते अझट्रिओनामला कापायचं. ईएसबीएलला रोखतं अ‍ॅविबॅक्टम, ते सेफ्टाझिडिमच्या जोडीनं मिळतं. बाईंनी जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधात भिजवलेल्या कागदाच्या दोन टिकल्या शेजारी शेजारी ठेवल्या, एक अझट्रिओनामची, एक त्या जोडीची. दुसऱ्या दिवशी बघितलं तर एकेकट्या टिकलीनं काही केलं नव्हतं. दोघींच्या मधली जागा मात्र स्वच्छ होती. मी ती प्लेट तीनदा फिरवून पाहिली.

दोन्ही औषधं एकाच वेळी लावली, आणि त्याच दुपारी मुतखड्याच्या सर्जननं जंतूंचं घर झालेली ती जुनी नळी बदलली. ताप उतरला. मावशींनी भाकरी मागितली तेव्हा मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

घरी सोडताना बोट उगारून बजावलं. जंतू आतड्यात मुक्कामाला राहतो. शौचानंतर साबणानं हात धुवायचे. कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी हे सांगायचं. गायीचं इंजेक्शन गायीला!

महिनाभरानं मावशी तपासायला आल्या, लेकही बाळाला घेऊन आली. बाळ गुटगुटीत होतं.

"न्हाऊ घालता ना मावशी?"

लेकीचे डोळे भरले. "शेजारच्या काकू घालत्यात. आई तर बाळाला हातबी लावत न्हाई, डॉक्टर."

"अहो, हात धुऊन खुशाल घ्या मांडीवर! बाळ ठणठणीत आहे, काही होत नाही. कुणी अडवलं तुम्हाला?"

मावशींनी हात पदराखाली घेतले.

"तुमीच की. तवा बोट उगारून सांगत व्हता, जंतू आत लपून बसतोय म्हणून. आता म्हणताय, घ्या. तुमचं कंचं खरं धरू?"

मी पुन्हा सगळं समजावलं. मावशी मान डोलावत होत्या, बाळ समोर हात हलवत होतं, आणि मावशींचे हात पदराखालीच होते.