त्रेपन्न मार्कांचा ईमेल

लेकीच्या गणिताच्या सरांचं आता कसं व्हायचं, हा भुंगा दोन दिवस तिचं डोकं पोखरत होता. खरं तर त्या माणसाचा चेहराही तिनं धड पाहिला नव्हता. ऑनलाइन तासाला सरांचा कॅमेरा वहीवर रोखलेला असे. दिसायचा तो उजवा हात, निळं पेन आणि बाहीचं लोंबतं बटण. नऊ वर्षं तो हात दहावीच्या मुलांना बजावत होता, "पायरी गाळू नका."

बोर्डाला सहा आठवडे उरले तेव्हा त्याच हातानं चौदा घरी ईमेल धाडला. तिच्या वाट्याचा असा: 'आपल्या मुलीला पाच सराव परीक्षांत ऐंशीपैकी सरासरी त्रेपन्न गुण आहेत. बोर्डातही एक्कावन्न ते सत्तावन्न पडतील असं वाटतं. नव्वद टक्क्यांची आशा धरू नये. गेलेल्या गुणांचा तपशील जोडला आहे.'

खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो. इथं तर चौदा आया, वर बाप वेगळे. पालकांचा ग्रुप पेटला.

"हा मास्तर आहे की ज्योतिषी?" दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं.

"आणि दात काढावा लागेल, हे हा तोंडावर सांगतो तेव्हा?" तिचा नवरा चहा ओतता ओतता म्हणाला. पण ग्रुपवर लिहायची त्याची छाती नव्हती.

बँकेतल्या ताईंनी पंच्याण्णव टक्क्यांची हमी देणारा क्लास शोधला. "शनिवारपासून सगळे तिकडे. मान्य?" तेरा अंगठे वर झाले. चौदावा तिनंही दिला. चौदाही गेले, तर सरांची बॅच बंदच.

शुक्रवारी संध्याकाळी लेकीनं विचारलं, "आई, ईमेलला जोडलेली फाईल उघडलीस?"

"आकडा बघितला ना मी!"

"तेच तर! मीपण नुसतं उत्तर लिहिते, पायऱ्या गाळते. तुझ्यावरच गेलेय."

तिनं फाईल उघडली. प्रत्येक पेपरात सरासरी सत्तावीस गुण गेलेले. पायऱ्या न लिहिल्यानं सात, एककं आणि चिन्हं चुकल्यानं चार, भूमितीत सोळा. खाली लिहिलं होतं: 'पहिले अकरा सरावानं परत येऊ शकतात. ती कंटाळते, म्हणून रोज एकच गणित, पण पूर्ण लिहून घ्यावं. भूमितीचं मी वचन देत नाही.'

हमीवाल्या क्लासनं तर तिच्या लेकीचा एकही पेपर पाहिला नव्हता.

तिनं आपला अंगठा काढून घेतला. लगेच ताईंचा मेसेज आला, "चुकून निघाला का हो?"

"नाही," तिनं लिहिलं.

पण सर काही त्या ग्रुपवर नव्हते. आपली लेक राहतेय, हे त्यांना कळणार कसं? साडेसात वाजले होते. आठला त्यांचा दुसऱ्या बॅचचा तास सुरू व्हायचा, त्याआधी गाठायला हवं.

"वही घेऊन बस इथं," ती लेकीला म्हणाली, "सरांना फोन लावते. उद्याचा तास आहे ना, एवढंच विचारायचंय."