आत्मविश्वासाचा रकाना

माझ्या मैत्रिणीला सगळे ‘चौकट’ म्हणतात. तिचं खरं नाव तिच्या वडिलांनाही आठवावं लागतं. ती कुठलीही गोष्ट आधी रकान्यांत मांडते. घरातल्या कुंड्यांना पाणी घालायचा तक्ता तिने सातवीत केला होता. त्यात ‘शेरा’ असाही एक रकाना होता. एका कुंडीपुढे तिने लिहिलं होतं, ‘नखरेल’.

आता ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. चालू सत्राचे चार विषय, आणि मागे राहिलेला एक, हीट ट्रान्सफर. त्यात ती दोनदा नापास झाली होती. बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला निवडलं होतं, पण एका अटीवर. याच परीक्षेत सगळे विषय सुटले पाहिजेत. एक जरी राहिला तरी जागा दुसऱ्याला. आणि पहिलाच पेपर हीट ट्रान्सफरचा होता.

पेपरला अकरा दिवस राहिले असताना एका सकाळी तिने मला बोलावून घेतलं. मी वरच्या मजल्यावर राहते. साहित्यात पदवी घेतली आहे आणि सध्या नोकरी शोधते आहे, म्हणजे मला केव्हाही बोलावता येतं.

“बघ,” ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

पाच विषय, अठ्ठेचाळीस धडे. प्रत्येक धड्यापुढे स्थिती: बाकी, चालू किंवा पूर्ण. मग उजळण्या किती झाल्या. शेवटी आत्मविश्वास, एक ते पाच. पाच असला की चौकोन हिरवा. सेहेचाळीस चौकोन हिरवे होते. हीट ट्रान्सफरचे बाराच्या बारा.

“बाई, हे तर कुरण झालं,” मी म्हटलं. “आता चरायचं तेवढं बाकी.”

“विचार काहीही. कुठलाही धडा.”

मी गंमत म्हणून पुस्तक उघडलं. धड्याच्या शेवटचा प्रश्न वाचला. “बारीक तारेवर वेष्टण चढवलं, तर बाहेर जाणारी उष्णता कमी होते की वाढते? का?”

“सोप्पंय,” ती म्हणाली. मग थांबली. “थांब हं. ते पान दिसतंय मला. उजवीकडे आकृती आहे. खाली निळ्या शाईत माझी टीप आहे.”

“टिपेत काय आहे?”

ती छताकडे बघत राहिली.

“कमी होते,” ती शेवटी म्हणाली. “वेष्टण आहे ना.”

मी उत्तर वाचलं. तार बारीक असेल तर आधी वाढते. वेष्टणामुळे बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, म्हणून. एका ठरावीक त्रिज्येच्या पुढे गेल्यावरच कमी व्हायला लागते. त्या धड्यापुढे चार उजळण्या होत्या. आत्मविश्वास पाच.

“अगं, हे येतं मला! दुसरा विचार.”

मी दुसरा विचारला. मग तिसरा. दहा प्रश्नांत तीन बरोबर आले. प्रत्येक वेळी तिला पान आठवत होतं. रेषा आठवत होती. उत्तर आठवत नव्हतं.

मी पाचाच्या आकड्यावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत आकड्याऐवजी एक लांबलचक ओळ दिसली.

“हे काय आहे?”

“सूत्र.”

“कसलं?”

“एक उजळणी झाली की तीन. दोन झाल्या की चार. तीन किंवा जास्त झाल्या की पाच. आपोआप येतं.”

“म्हणजे हे आकडे तू भरलेलेच नाहीस?”

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग एकदम बोलायला लागली. “गेल्या वेळी मीच भरायचे. कितीही वाचलं तरी हात दोनच टाकायचा. पेपरच्या आदल्या दिवशी अख्खा तक्ता लाल. तो बघूनच माझे हात गार पडले. म्हणून म्हटलं, या वेळी मला विचारायचंच नाही.”

“आणि उजळणी म्हणजे काय करायचीस?”

“वाचायचे पुन्हा.”

“पुस्तक उघडं ठेवून?”

“मग काय झाकून वाचू?” ती ओरडली. “तुला काय कळतं गं यातलं? आयुष्यभर कविता वाचल्यास.”

“कळत नाही म्हणूनच नुसतं विचारतेय. उत्तरं पुस्तकात आहेत.”

तिने लॅपटॉप धाडकन मिटला. बाहेरच्या खोलीतलं मशीन थांबलं. तिचे बाबा शिंपी आहेत. ते गळ्यात टेप घेऊन दारात आले.

“काय फाटलं?”

“काही नाही, बाबा.”

“काका, हिला धडे येत नाहीयेत,” मी म्हणून गेले. म्हणायला नको होतं.

काका तिच्याकडे वळले. “अंगात घालून बघितलंस का?” त्यांनी विचारलं.

“आत्ता बघितलं.”

“मग बरं झालं. गिऱ्हाइकाच्या लग्नात उसवण्यापेक्षा दुकानात उसवलेलं परवडलं.” ते बाहेर गेले. मशीन मात्र बराच वेळ सुरू झालं नाही.

चौकटने लॅपटॉप पुन्हा उघडला. मला वाटलं, ती रडेल. तिने आत्मविश्वासाचा अख्खा रकाना निवडला आणि पुसून टाकला. सूत्रासकट. मग बाराही धड्यांची स्थिती ‘पूर्ण’वरून ‘वाचून झाला’ अशी बदलली. उजळण्यांचे सगळे आकडे शून्य केले. चार महिन्यांची मेहनत तिने दोन मिनिटांत खाली आणली होती.

“आता पुस्तक तुझ्याकडे,” ती म्हणाली. “प्रत्येक धड्याचे पाच प्रश्न. जितके आले तितकाच आकडा. तो तू टाकायचास. मी हात लावणार नाही.”

संध्याकाळपर्यंत बारा धडे झाले. एकात चार, दोनांत तीन, बाकी सगळे शून्य ते दोन. तक्ता लाल झाला. मी तिच्या हातांकडे बघत होते. तिने ते मांडीवर दाबून धरले, पण तक्त्यावरून डोळे हलवले नाहीत.

“दहाच होतील,” ती म्हणाली. “दोन सोडावे लागतील.” मागच्या पेपरांत कुठल्या धड्याला किती गुण होते ते तिने काढलं, आणि सगळ्यात कमी गुणांचे दोन धडे सोडले. त्यांच्यापुढे लिहिलं, ‘सोडला’. बाकीच्या विषयांना ती पेपरांमधल्या सुट्ट्यांत बघणार होती.

पुढचे दहा दिवस मी रोज खाली जायचे. ती धडा वाचायची, पुस्तक मिटायची, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायची. मी प्रश्न विचारायचे दुसऱ्या दिवशी, लगेच नाही. लगेच विचारलं की सगळं येतं, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. आज चार आलेला धडा परवा दोनवर यायचा. मग उजळण्यांत एक वाढायचा आणि आकडा मात्र उतरायचा. असं झालं की ती उठून खिडकीशी उभी राहायची आणि परत येऊन म्हणायची, “टाक. दोन टाक.”

पेपरच्या सकाळी सहा धडे चार किंवा पाचावर होते. बाकीचे चार अधांतरी.

मी कॉलेजच्या फाटकापाशी थांबले. ती सगळ्यांच्या शेवटी आली.

“सोडलेल्यातला एक आला. अठरा गुणांना.”

“मग?”

“कोरा सोडला. एकही ओळ लिहिली नाही. उगाच वेळ गेला असता.”

“बाकी?”

“जे येत होतं ते लिहिलं. येत नव्हतं ते येत नाही, हे तिथं माहीत होतं.”

निकाल सात आठवड्यांनी लागला. बाकीचे चार विषय सुटले होते. हीट ट्रान्सफरसाठी चाळीस हवे होते. पान उघडेपर्यंत काका दाराची चौकट धरून उभे होते. चौकटने आकडा मोठ्याने वाचला. त्रेचाळीस.

“शंभरातले?” काकांनी विचारलं. “मग सत्तावन्न कुठे गेले?”

“राहिले, बाबा. ते मला येत नाहीत.”

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. मी तिला लहानपणापासून ओळखते, पण हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तिने फोन उचलला आणि कारखान्याचा नंबर लावला.