अर्धी बादली पाणी, दोन झाकणं

आमच्या मंगळवार पेठेत कुणाला शिवी द्यायची झाली तर शिवी द्यावी लागत नसे. "पाणी घालतोय त्यो" एवढं म्हटलं की झालं. दुधाचं गाव. माणसं पहाटे चरवी घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहायची, समोर धार काढून घ्यायची, आणि धार काढणाऱ्याच्या हाताकडं असं बघायची जसा काही तो जादूच करणार आहे.

माझ्या सासूबाईंच्या हाताकडं मात्र कुणी बघत नसे. त्यांना मी आत्या म्हणायची. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. घरामागं त्यांच्या दोन म्हशी होत्या. आत्यांनी दूध घातलं म्हणजे ते निवळच असणार, असं पेठेतली माणसं डोळे मिटून सांगायची. शाळेची पायरी त्यांनी चढली नव्हती, सही म्हणजे अंगठा. पण बाजारात उधारीवर काही मागितलं तर कुणी नाही म्हणत नसे. "ती व्हय? घेऊन जाऊ द्या की," एवढंच. मी हातकणंगल्याकडची, बारावी सायन्स झालेली, लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, एवढं काय त्यात. दुधात पाणी घालायचं नाही हे काय कौतुक झालं? पुढं कळलं.

नव्वदचं दशक सरत आलं तसं पिशवीतलं दूध घराघरात गेलं. गल्लीतला शेणाचा वास नव्या फ्लॅटवाल्यांना सोसेना. एक म्हैस विकली. आमच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, फौंड्रीतली नोकरी आज आहे, उद्या नाही. तेव्हा मी बायकांसाठी असलेल्या एका शिबिरात जाऊन फरशी पुसायचं लिक्विड करायला शिकले. कच्चा माल मिळायचा, जंतू मारायचं औषध, वासाचा अर्क, रंग. प्लास्टिकच्या टाकीत पाणी घ्यायचं, एकेक वस्तू घालत लाकडी फळीनं सावकाश ढवळायचं. घाई केली की फेस होतो, आणि फेस असताना बाटली भरली तर पाचशेच्या खुणेपर्यंत दिसतं खरं, पण फेस बसला की माल खाली. मग गिऱ्हाईक म्हणणार, मापात मारलं. म्हणून मी टाकी रात्रभर झाकून ठेवायची आणि सकाळी भरायची.

लेबलावर मी आठवडाभर डोकं फोडलं. राजारामपुरीतला छापणारा म्हणाला, "वहिनी, फूल टाका, चमकणारी फरशी टाका. एवढं वाचतंय कोण?" मी म्हटलं, "तुम्ही छापा. वाचायचं त्यांनी बघावं." फुलाला जागाच ठेवली नाही. सगळ्यात वर, पाचशे मिली. खाली, पाण्यात मिसळून वापरा: अर्धी बादली म्हणजे पाच लिटर पाण्यात दोन झाकणं. मोझॅक, शहाबादी, कोटा, संगमरवर, टाइल्स यांना चालेल; लाकडाला आणि सारवलेल्या जमिनीला नाही. भांडी घासायला वापरू नये. धुण्याची पावडर, ॲसिड किंवा ब्लीचिंग यात मिसळू नये. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्यानं धुवावं. पोटात गेल्यास उलटी काढू नये, बाटली घेऊन डॉक्टरांकडं जावं. रिकाम्या बाटलीत प्यायचं पाणी भरू नये. हे शेवटचं मी खास घातलं, कारण आपल्याकडं बाटली रिकामी झाली की ती फ्रीजमध्ये गेलीच म्हणून समजा.

आत्यांना मी ते सगळं वाचून दाखवलं. त्या म्हशीला पेंड कालवत होत्या. म्हणाल्या, "लई भारी लिवलंस. वास बी झ्याक हाय." मला वाटलं, ऐकलं.

माल खपायला लागला तो आत्यांच्या जिवावर. सकाळी दुधाच्या किटलीबरोबर पिशवीत चार-पाच बाटल्या घेऊन त्या निघायच्या आणि रिकाम्या हातानं यायच्या. राजारामपुरीत दवाखान्यांचे उंबरे झिजवून माझी एखादी बाटली खपायची. मला थोडा रागच यायचा, खोटं कशाला बोलू. माल मी करायचा, रसायनांनी हाताची सालं माझी निघायची, आणि लोक म्हणायचे, "आत्यांचं लिक्विड."

मग कोपऱ्यावरच्या काकू पडल्या.

या काकू म्हणजे आत्यांची मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन पेठेत आलेल्या. एकमेकींची चेष्टा केल्याशिवाय दोघींचा चहा घशाखाली उतरायचा नाही. काकूंच्या घरी हळदीकुंकू होतं. बायका यायच्या म्हणून त्यांनी सकाळी फरशी पुसली, दुपारी तांब्यातलं पाणी सांडलं, त्यावर पाय पडला आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लॅस्टर. भाकरी थापायचा हात गळ्यात.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, लिक्विडमध्ये तेल असतंय. कुणी म्हणालं, आमची बी फरशी चिकटतीया, चप्पल चर्रचर्र वाजतीया. एक बाई तर अर्धी बाटली आमच्या कट्ट्यावर ठेवून निघून गेली. माझं टाळकं सरकलं. बाटली उचलली आणि तडक काकूंच्या घरी गेले.

काकू कॉटवर बसल्या होत्या. मी खाली वाकून फरशीवरून बोट फिरवलं. बोट चिकटलं. मोझॅकवर नुसता थर बसला होता, त्यात धूळ अडकलेली. सुकं असेपर्यंत चिकट, आणि वर पाणी पडलं की साबणावर पाय दिल्यासारखं.

"काकू, किती पाण्यात घातलं होतं?"

"पाण्यात?" काकू म्हणाल्या. "पाण्यात कशाला? तसंच वतलं की फडक्यावर."

"अहो, लेबलावर लिहिलंय! केवढ्या अक्षरात लिहिलंय!"

"पोरी, मी कवा लेबल वाचलं? तुझ्या सासूनं सांगितलं, निवळ हाय, पाण्याचा थेंब घातलेला न्हाय. मग मी कशाला घालू?"

बाटली घेऊन मी बाहेर पडले. मग आणखी दोन घरांत विचारलं. तिथंही तेच. आमच्या आत्या दारोदार जाऊन, बाटली वर करून, दुधाचंच वाक्य सांगत होत्या. आणि लोकांनी ते ऐकलं होतं. माझी अक्षरं कुणी बघितलीच नव्हती. आत्यांनी सांगितलं, म्हणजे झालं.

घरी आले ती भांडायच्या तयारीनंच. आत्या गोठ्यात होत्या. मी आवाज चढवून सगळं सांगितलं. "आत्या, हे दूध नाही! हे मुद्दाम घट्ट करतात, पाणी घरी घालायचं म्हणून! पाणी घातल्याशिवाय ते काम करत नाही, उलट बसून राहतं!"

त्यांनी मला मधे अडवलं नाही. धारेची चरवी खाली ठेवली आणि हात पदराला पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "तू वाचलं हुतंस त्या दिशी. म्या ऐकलं बी. पर दारात हुबी ऱ्हायले की त्योंडातनं येतच न्हाय गं. पाणी घाला, असं मी कुनाला कसं म्हनू? माझ्या त्योंडानं?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. इतकी वर्षं एका बाईनं 'पाणी घाला' हा एक शब्द तोंडात येऊ दिला नव्हता. तो न उच्चारण्यावर तिचा संसार उभा होता, तिची अब्रू, तिची उधारी, तिचं पेठेतलं चालणं. आणि मी लेबल छापून आणलं, त्यात तोच शब्द सगळ्या सूचनांच्या वर, आणि म्हटलं, जा, विकून या.

"राहू दे आत्या," मी म्हटलं. "मी जाते घरोघर. मी सांगते. तुम्ही काही बोलू नका."

"तू कशाला? सांगितलं मी. तू सांगशील तर म्हनत्याल, सून सासूला खोटं पाडतीया. न्हाय. मीच जानार."

दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर आम्ही दोघी निघालो. त्यांच्या हातात बादली, माझ्या हातात बाटली. पहिलं घर काकूंचं. आत्यांनी काकूंकडं नीट बघितलंही नाही. बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं. मी झाकण भरलं तर माझ्या हातातनं काढून घेतलं. "मला करू दे." दोन झाकणं त्यांनी स्वतः मोजून घातली. आधी साध्या पाण्यानं जुना थर दोनदा काढला, मग ते पाणी फिरवलं. गुडघ्यावर बसून, कॉटखालून, कोपऱ्याकोपऱ्यातनं. फरशी सुकली. मी अनवाणी चालून बघितलं, पाय सुटा पडत होता.

मग आत्या उठल्या, कंबरेवर हात ठेवला आणि काकूंच्या समोर उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "ह्यात पाणी घालायचं असतंया. म्या तुला उलटं सांगितलं. माझ्यामुळं तुझा हात मोडला बघ."

काकूंच्या डोळ्यांत नेहमीची चेष्टा आली. वातावरण हलकं करायचं होतं त्यांना, मी शपथेवर सांगते, दुसरं काही नव्हतं.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "तू आनि पाणी घाला म्हनतीस? मग दुधात बी घालत हुतीस काय गं?"

मी हसले. काकू हसल्या. आत्याही हसल्या, अर्धवट. काकूंचा मोडका हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, "सांजच्याला भाकरी धाडून देते" म्हणाल्या, आणि बादली उचलून बाहेर पडल्या.

तालमीच्या भिंतीपाशी आल्यावर त्या थांबल्या. मला वाटलं, गुडघा धरला असेल. बादली घ्यायला हात पुढं केला तर त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. म्हैस विकली त्या दिवशीसुद्धा मी त्या बाईला रडताना बघितलं नव्हतं.

"अहो आत्या, चेष्टा केली काकूंनी. तुम्हाला माहीत नाही काय त्यांची जीभ?"

"चेष्टाच केली," आत्या म्हणाल्या. "ठावं हाय मला." नाक ओढलं, पदरानं डोळे खसाखसा पुसले. "पर इचारलं की तिनं."

मी म्हटलं, "घरी जाऊया. बाकीच्यांना मी सांगेन."

"घरी कशाला?" पुढची अख्खी गल्ली समोर पडली होती, आणि प्रत्येक दारात कुणीतरी त्यांना तेच विचारू शकत होतं. त्यांनी बादली ह्या हातातनं त्या हातात घेतली. "चल. समद्यास्नी सांगायचं हाय अजून."