धंद्याचा फ्रिज

केकवालीने नवा फ्रिज घेतला, तेव्हा दुकानदाराला बजावून बिल बेकरीच्या नावाने करून घेतलं. घराच्या नावावर बिल झालं असतं तर नणंदेने एखादा कप्पा मागितला असता. वन्संना इन्सुलिन ठेवायला जागा हवी होती. "हा धंद्याचा फ्रिज आहे, वन्सं," असं तिने तोंडावर सांगितलं आणि वन्संना औषधासाठी शेजारणीचे जिने चढायला लावले. नवऱ्याने मध्ये पडायचं टाळलं. तो तसाही कुठेच पडत नसे.

तिसऱ्या वर्षी फ्रिज गार होईना. आत क्रीम, बाहेर लग्नाच्या केकची ऑर्डर. तिने ड्रॉवर उपसून वॉरंटी कार्ड काढलं. कॉम्प्रेसर दहा वर्षं, एवढं वाचून तिचा जीव भांड्यात पडला. कार्डावरच्या नंबरवर फोन लावला, आतल्या भिंतीवरच्या स्टिकरवरून मॉडेल आणि सिरियल नंबर सांगितला, तक्रार नोंदवली. बिल आणि दुकानाच्या शिक्क्याचं कार्ड तयार ठेवा, असं तिकडून सांगितलं.

वन्संनी कार्ड हातात घेतलं आणि मागची बाजू वाचायला लागल्या. त्यांचं वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला खडा शोधणं, असं केकवाली नवऱ्याला ऐकवायची.

"पहिल्या वर्षानंतर नुसता कॉम्प्रेसर फुकट. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचे पैसे आपले," वन्सं म्हणाल्या. मग चष्मा पुसून पुढे, "आणि धंद्यासाठी वापरलेल्या फ्रिजला वॉरंटीच नाही."

"वाचून दाखवा म्हटलं होतं का मी?"

"नाही. पण मेकॅनिक वाचेल."

मेकॅनिकने प्लग, व्होल्टेज तपासलं, मागची जाळी उघडली आणि कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं. केकवालीने केकचे ट्रे आधीच खाटेखाली सरकवले होते. त्याने कार्डावरचा शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मग बिल मागितलं. बिल हरवल्याचं ती सांगू लागली तेव्हा तो म्हणाला, बिलाशिवाय दावा पुढे जाणार नाही. कॉम्प्रेसरची किंमत डोळ्यांपुढे आली आणि तिने मुकाट बिल दिलं. वरचं नाव वाचून त्याने मान हलवली.

"बेकरी म्हणजे व्यावसायिक वापर. कॉम्प्रेसरचेही पैसे पडतील, मॅडम."

"नाव नुसतं तसं आहे हो, वापर घरचाच. विचारा यांना, घरातल्या मोठ्या आहेत." केकवालीने नणंदेकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच नजरेत आर्जव होतं.

वन्सं मेकॅनिककडे वळल्या. "मला काय विचारता? त्यात माझं काहीच नाही. मला आत हातही घालू देत नाहीत."

मेकॅनिकने कागदावर 'व्यावसायिक वापर, वॉरंटी लागू नाही' असं लिहून तो सहीसाठी पुढे केला.

"झालं समाधान?" सही करता करता ती पुटपुटली.

"अजून नाही," वन्सं म्हणाल्या, आणि खाटेखालून आलेला वितळलेल्या क्रीमचा ओघळ पुसायला कुणीच उठलं नाही.