मोजणं म्हणजे राखणं नव्हे

ऑफिसात तिला सगळे सोपेबाई म्हणत. खाण असो, पूल असो की कारखाना, त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा जाडजूड अहवाल तज्ज्ञ लिहायचे. जनसुनावणीआधी त्याचा सारांश लोकांना कळेल अशा भाषेत उतरवणं हे तिचं काम. एखादं वाक्य घशाखाली उतरेना की भूजलतज्ज्ञ बाई तिच्या टेबलावर कागद टाकून म्हणायच्या, "सोपेबाई, याची हाडं काढा."

या वेळचा अहवाल दगडखाणीचा होता. खाण आणखी खोल जाणार होती आणि खाणीच्या कडेच्या वस्तीत तिची मावशी राहत होती. आई गेल्यावर हिला वाढवलं ते मावशीनंच. हे तिनं साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, आकडे तज्ज्ञांचे, भाषा तुमची, शिवाय भूजलबाई ओळ न् ओळ तपासतीलच.

साहेबांना तिनं एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी नव्हतीच. निवृत्तीनंतर तिला तिकडे परत जायचं होतं. मावशीच्या घरामागे विहीर होती. काठाच्या दगडाला दोरानं घासून खाच पडलेली, आणि लहानपणी त्या खाचेत बोट घालून ती तासन्‌तास बसायची. शहरातल्या दोन खोल्यांत नळ सुरू केला की तिला तिकडचा बादली बुडल्याचा आवाज आठवायचा. इतक्या वर्षांत आठवण कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

अहवालात लिहिलं होतं, "भूजल पातळीचे नियमित संनियंत्रण करण्यात येईल." तिनं लिहिलं, "तुमच्या विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजलं जाईल." वाक्य छोटं होतं, स्वच्छ होतं. धुळीसाठी रस्त्यावर पाणी मारतील, सुरुंग दिवसाच आणि भोंगा वाजवूनच लावतील, हेही तिनं तसंच मांडलं. भूजलबाईंनी मान डोलावली.

सारांश छापण्याआधी तो वस्तीतल्या चार माणसांना वाचून दाखवायचा आणि काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, अशी तिची रीत होती. वस्तीच्या सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. भूजलबाई वही उघडून बसल्या. मावशी पहिल्या रांगेत होती, केस नीट विंचरून, परीक्षेला बसल्यासारखी.

वाचून झाल्यावर काय समजलं ते मावशी सांगू लागली. धूळ बरोबर, सुरुंग बरोबर. मग म्हणाली, "आणि विहिरीची काळजी मिटली. महिन्याच्या महिन्याला माणूस येऊन बघणार म्हणजे पाणी कमी होऊच देणार नाहीत."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. एक म्हातारा रिक्षावाला म्हणाला, चला, एक तरी गोष्ट चांगली झाली.

सोपेबाईनं कागदावरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. मोजल्यानं पाणी थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं. खाण विहिरींच्या तळाखाली गेली की तिच्यात झिरपणारं पाणी उपसावं लागणार आणि जवळच्या विहिरी उन्हाळ्यात खाली जाणार, हे मोठ्या अहवालात स्पष्ट होतं. तिच्या सारांशात मात्र विहिरींबद्दल ते एकच गोड वाक्य होतं. तेवढंच लिहून ती का थांबली होती, हे मावशीच्या उजळलेल्या तोंडाकडे बघताना तिला कळलं. तिलाही ते तसंच असायला हवं होतं.

परतीच्या गाडीत भूजलबाई हळूच म्हणाल्या, "माझंही लक्ष गेलं नाही गं."

दोघींनी परिच्छेद नव्यानं लिहिला. खाणीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात खाली जाईल, काही आटूही शकतात. मोजणी फक्त ते वेळेत कळावं म्हणून आहे. पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं की कंपनीनं उपसा कमी करायचा आणि घरोघरी नळानं पाणी द्यायचं. विहीर पहिल्यासारखी भरेल याची खात्री नाही. साहेबांनी शेवटची ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

सुनावणीला मंडप भरला होता. अध्यक्ष अधिकाऱ्यांनी बोलायला सांगितलं तेव्हा मावशी छापील सारांश हातात धरून उठली.

"नळानं पाणी देणार म्हणता. खाण बंद झाल्यावर तो नळ कोण चालवणार? आमची विहीर तर तोवर गेलेली असेल."

कंपनीचा माणूस शेजारच्याशी कुजबुजला आणि म्हणाला, यावर लेखी उत्तर देऊ. प्रश्न इतिवृत्तात नोंदवला गेला. निर्णय तिथे होणार नव्हताच, तो वरच्या समितीचा.

संध्याकाळी सोपेबाई मावशीकडे गेली. मावशीनं चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "पहिला कागद छान वाटला होता गं. दुसऱ्यानं झोप उडवली."

"मग पहिलाच ठेवायला हवा होता का?"

"वेडी आहेस का. झोपेत असते तर विचारलं असतं का मी?" मग म्हणाली, "तुझी खोली झाडून ठेवलीय. येशील तेव्हा ये."

चहा होईपर्यंत सोपेबाई मागे विहिरीवर गेली. पाणी अजून वरच होतं, आभाळ दिसेल इतकं. तिनं दगडाच्या खाचेत बोट घातलं आणि घरातून मावशीची हाक येईपर्यंत तशीच बसून राहिली.