फोटोत न बसलेला आजार

माझे पती मंगळवारी गेले. त्याच दिवशी बारामतीच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर सांगण्यात आलं की विमा कंपनीने क्लेम नाकारला आहे. रक्तदाबाच्या गोळ्या ते चार वर्षं घेत होते. दोन वर्षांपूर्वी काढलेल्या पॉलिसीच्या फॉर्मवर ‘पूर्वीचे आजार’ या प्रश्नापुढे ‘नाही’ होतं. तो फॉर्म माझ्या दिरांनी भरला होता. इंदापूर तालुक्यात त्यांची पेरूची बाग आहे आणि जोडीला ते विम्याची एजन्सी करतात.

महिन्याभराने मी गावी गेले, तेव्हा भावजी आत्यांच्या विम्याचं घेऊन बसले होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौसष्ट, आणि मधुमेह जुना.

“वैनी, व्हाट्सॲपवर टाकलंय बगा. दोन कंपन्या. पहिली साडेआठरा हजार, दुसरी एकोणतीस. इच्यात इचार करण्यासारखं काय हाय?”

इचार करणं हे भावजींना आयुष्यभर आजारी माणसाचं लक्षण वाटत आलं आहे. स्क्रीनशॉट त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, तोही फक्त आकड्यापुरता. उरलेला फोटो त्यांच्या दृष्टीने आकड्याची चौकट होती.

मी चौकट वाचली. पहिलीचं कव्हर पाच लाख, दुसरीचं दहा. पहिलीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षं थांबायचं, दुसरीत एक. पहिलीत प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा, दुसरीत तसं काही नाही. कशाकशाला पैसे मिळणार नाहीत, ते दोन्हींच्या खाली होतं आणि तिथेच फोटो कापला होता.

“खालचं कुठं आहे?”

“त्ये कुणी वाचतंय व्हय?”

हे मात्र खरं होतं. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीच वाचलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानेही नाही. सख्ख्या भावाचं काय वाचायचं.

मी वयानुसार हप्त्याचा तक्ता मागवून घेतला. पहिलीचा हप्ता दरवर्षी नऊ टक्क्यांनी चढत होता, दुसरीचा चार. आजच्या तक्त्यावर दहा वर्षांची बेरीज पहिलीची दोन लाख एक्याऐंशी हजार, दुसरीची तीन लाख अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे फरक सदुसष्ट हजारांचा. पहिलीत चार लाखांचं एकच ऑपरेशन झालं, तर त्यातले ऐंशी हजार आपल्याच खिशातून जाणार. हे मी वहीवर मांडून दाखवलं. भावजींनी वहीकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या बागेत शेरडं सोडली होती.

“कॉलेजात शिकवता म्हणून सगळीकडं फळा मांडायचा का?”

मग मी फोटोचा वरचा भाग पाहिला. बारीक अक्षरांत होतं: पूर्वीचे आजार, नाहीत.

“भावजी, हे नाव कुणाचं आहे?”

“आईचंच की.”

“आणि साखर?”

“व्हय लिवलं की भाव वाढतोय, वैनी. समदेच आसं करत्यात. दादाचंबी मी वाचवलंच हुतं की.”

‘वाचवलं’ हा शब्द त्यांनी सहज वापरला. त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधण्यात मी थोडा वेळ घालवला. तो वाया गेला.

दारात बसून मटकी निवडणाऱ्या आत्या मान वर न करता म्हणाल्या, “आरं, मग रोज सकाळी मी काय खाती? बडीशेप?”

भावजी हसले. त्यांना तो विनोद वाटला.

“खरं लिहा आणि परत काढा,” मी म्हणाले. त्यांनी चिडून तिथल्या तिथे भरलं. पहिल्या कंपनीने कोटेशन दिलंच नाही. दुसरीने वीस टक्के वाढवून दिलं: वर्षाला चौतीस हजार आठशे, दहा वर्षांचे चार लाख अठरा हजार, आणि आधी वैद्यकीय तपासणी.

“बगा, लागला का चुना?” ते म्हणाले. “इतकं कोण भरणार?”

“मी. पण तुमच्याकडून नाही.”

“भाऊ गेला, आता धंदाबी जाऊ द्या म्हना की.”

भाऊ आणि धंदा त्यांनी एका श्वासात मोजले. आत्यांनी मटकीचं सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, “गोळ्यांची चिठ्ठी कपाटात हाय, बाई. घिऊन जा.”

आठवड्याने बारामतीत एका अनोळखी एजंटाकडे मी त्याच दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरला. मधुमेह लिहिला, किती वर्षांचा तेही लिहिलं. कंपनीने तपासणी करून घेतली. सगळी पॉलिसी, वगळलेल्या गोष्टींच्या यादीसकट, मी दोनदा वाचली आणि आत्यांना वाचून दाखवली.

पॉलिसी चालू आहे. साखरेसाठीचं थांबायचं वर्ष अजून सरलेलं नाही. भावजी माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या पॉलिस्या गावात अजून विकल्या जातात.