बिबडीचा कोड

माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला ज्वारीच्या बिबड्या करून विकायची. मी जळगावात करसल्लागाराकडे नोकरीला, म्हणून ऑनलाइन दुकानात तिचा माल चढवायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे बिबडीला पापड कुणी म्हणत नाही. मालावरचा कर ज्या कोडवरून ठरतो, तिथे मीही जास्त वाचलं नाही, नमकीनचा कोड टाकला. त्यावर तेव्हा बारा टक्के कर होता. अक्काचा भाव शंभर. त्यात बारा मिळवून 'सर्व करांसह किंमत' एकशे बारा भरली. शेजारीच दुसऱ्यांची तशीच बिबडी शंभराला दिसत होती. ऑर्डरी आटल्या. ऑनलाइन दुकानाचं पान अक्का कधी उघडायची नाही.

"मना हातनी चव गई रे भाऊ," अक्का म्हणाली. तिने बिबड्या घालणंच सोडलं. गच्चीवर वाळवणाचं कापड पुन्हा अंथरलं नाही.

पुढे एका पापडवाल्याचं बिल हाती आलं. त्यावर कर शून्य. तेव्हा कुठे मी नियम नीट वाचला: पापड, मग त्याला कोणत्याही नावाने ओळखत असोत, करमुक्त. मी गुपचूप कोड बदलला, किंमत शंभर केली. अक्काला मात्र काही सांगितलं नाही. मी हिशेबातला माणूस, लाज वाटली. "चव होती गं, चूक माझी होती," एवढंच तर म्हणायचं होतं.

अक्का गेली ती हाताला दोष देतच. त्या पानावर आज किंमत बरोबर आहे. खाली लिहिलंय, माल उपलब्ध नाही.